नफा घटलेल्या वर्षाचे अध्यक्षीय भाषण : घट कशी मांडावी

प्रश्न : आमच्या कंपनीचा नफा यंदा जवळपास एक तृतीयांशाने घटला आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेतील अध्यक्षांच्या भाषणाचा मसुदा माझ्याकडे आला आहे. भागधारकांना घट नेमकी कशी समजावून सांगावी? किती कारणे द्यावीत, चूक कबूल करावी का आणि पुढच्या वर्षाबद्दल किती बोलावे?

उत्तर : अशा भाषणांचे मसुदे कंपनी सचिव म्हणून मी अनेक वर्षे तयार केले आहेत आणि माझा आग्रह एकच राहिला आहे. भाषणाचे एकही वाक्य लिहिण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या नफ्यापासून यंदाच्या नफ्यापर्यंतचा हिशेब कागदावर पायरीपायरीने मांडावा, आणि त्यातील प्रत्येक पायरीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात : हे कारण बाहेरून आले की आपल्या निर्णयातून, आणि ते पुढील वर्षी टिकणार की संपणार. हा तक्ता नीट झाला की भाषण बरेचसे आपोआप उभे राहते. तो नसेल तर मसुद्यात ‘आव्हानात्मक वर्ष’, ‘प्रतिकूल परिस्थिती’ असे शब्द शिरतात, आणि सभागृहातील भागधारकांना अहवालातल्यापेक्षा काहीही अधिक कळत नाही.

उदाहरणासाठी पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक कल्पित कंपनी घेऊ. तिचा करपूर्व नफा ८४ कोटींवरून ५७ कोटींवर आला, म्हणजे २७ कोटींनी, सुमारे ३२ टक्क्यांनी घटला. वित्त विभागाने काढलेली फोड अशी : कच्च्या कागदाचे भाव वाढल्याने खर्च २२ कोटींनी वाढला आणि त्यापैकी १२ कोटी विक्रीचे दर वाढवून वसूल झाले, त्यामुळे निव्वळ फटका १० कोटींचा बसला. एका मोठ्या ग्राहकाने निम्म्या ऑर्डर दुसरीकडे वळवल्या, त्यातून ६ कोटी गेले. नव्या कारखान्याचा घसारा, व्याज आणि चाचणी उत्पादनातील नुकसान मिळून ९ कोटी झाले. गेल्या वर्षीच्या नफ्यात जमीन विकून मिळालेले ५ कोटी होते, ते यंदा नाहीत. याउलट काटकसरीतून ३ कोटी वाचले. बेरीज बरोबर २७ कोटींच्या घटीला मिळते. ती मिळालीच पाहिजे. ‘इतर कारणे’ नावाच्या खात्यात बरीच रक्कम उरत असेल, तर मसुदा बाजूला ठेवून मुख्य वित्त अधिकाऱ्यांकडे परत जावे, कारण पहिला प्रश्न त्या ‘इतर’वरच येईल.

आता प्रत्येक पायरी उकलून पाहू, कारण भाषणाचा खरा मजकूर इथेच सापडतो. कागदाच्या १० कोटींपैकी ७ कोटींचा फटका असा बसला की ग्राहकांशी झालेल्या करारांत दर तिमाहीला एकदा सुधारतात, तर कागदाचे भाव दर महिन्याला चढत होते. उरलेले ३ कोटी गेले ते वर्षभरासाठी दर गोठवून केलेल्या काही करारांमुळे. कागदाचा भाव कंपनीच्या हातात नव्हता, पण दर गोठवून देणे हा व्यवस्थापनाचा निर्णय होता. हे दोन्ही ‘कच्च्या मालाची भाववाढ’ या एकाच नावाखाली दडवणे सोपे आहे, आणि बहुतेक मसुद्यांत नेमके तेच केलेले असते. अध्यक्षांनी ते वेगळे करून सांगावे. माझ्या मसुद्यात हा भाग असा असेल :

‘कागदाच्या भाववाढीने आपल्या नफ्यातून १० कोटी गेले. त्यातील ७ कोटी दरसुधारणेला लागणाऱ्या तीन महिन्यांच्या विलंबामुळे गेले. उरलेले ३ कोटी मात्र भावामुळे गेले असे मी म्हणणार नाही. काही ग्राहकांना आपण वर्षभर स्थिर दर देऊ केला होता. त्या वेळी भाव शांत होते आणि ऑर्डर मोठ्या होत्या. तो निर्णय व्यवस्थापनाचा होता, आणि अशा करारांवर मर्यादा घालण्याचे काम संचालक मंडळाने केले नव्हते. ती मर्यादा आता घातली आहे.’

या परिच्छेदात चुकीची कबुली आहे, पण ती नेमकी आहे, तिला रक्कम आहे, आणि पुढे काय बदलले तेही त्यात आहे. कबुली अशीच असावी. संपूर्ण वर्षाबद्दल सरसकट दिलगिरी व्यक्त करणारी वाक्ये ऐकायला नम्र वाटतात, पण त्यातून भागधारकाला काही हाती लागत नाही, आणि विधी सल्लागारही त्यावर हरकत घेतात ती रास्तच असते.

कबुलीमुळे गुंतवणूकदार बिथरतील अशी भीती अध्यक्षांना वाटणे स्वाभाविक आहे. या बाबतीत झालेले अभ्यास त्यांच्यापुढे ठेवण्यासारखे आहेत. जेम्स बेटमन आणि बार्टन वाइट्झ यांनी १९८३ मध्ये कंपन्यांच्या वार्षिक अहवालांतील भागधारकांसाठीची पत्रे तपासली, तेव्हा वाईट निकालांची कारणे प्रामुख्याने बाहेरची, तात्पुरती आणि हाताबाहेरची म्हणून सांगितली जातात असे दिसले. फियोना ली, ख्रिस्तोफर पीटरसन आणि लारिसा टीडन्स यांनी २००४ मध्ये १४ कंपन्यांचे २१ वर्षांचे अहवाल पाहिले. ज्यांनी वाईट घटनांची कारणे अंतर्गत आणि आपल्या नियंत्रणातील म्हणून दिली, त्यांच्या समभागांचे भाव वर्षभराने तुलनेने वरचे होते. हा सहसंबंध आहे. कबुलीमुळेच भाव वाढला असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण ज्यांचा कारभार नियंत्रणात असतो त्यांनाच कदाचित कबुली देणे परवडते. तरीही ‘जबाबदारी घेतली की भाव कोसळतो’ या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे निश्चित सांगता येते.

ग्राहकाचे ६ कोटी हा सर्वांत नाजूक भाग आहे. ग्राहकाचे नाव घेऊ नये. व्यवहाराची गुप्तता तर आहेच, शिवाय उरलेल्या निम्म्या ऑर्डरही त्याच्याकडूनच यायच्या असतात. परंतु कारण सांगावे. समजा, माल वेळेवर न पोहोचल्याने त्याने दुसरा पुरवठादार जोडला असेल, तर ‘स्पर्धा तीव्र झाली’ असे म्हणणे खोटे ठरत नाही, पण दिशाभूल मात्र होते. वितरणात उशीर झाला, हे आपल्या तोंडून आलेले बरे. सभेला अनेकदा कंपनीचे निवृत्त कर्मचारी, पुरवठादार आणि वितरकही भागधारक म्हणून हजर असतात आणि उशीर का झाला हे त्यांना अध्यक्षांपेक्षा बारकाईने ठाऊक असते. त्यांच्यासमोर ‘स्पर्धा’ हा शब्द टिकत नाही.

नव्या कारखान्याच्या ९ कोटींच्या बाबतीत उलट प्रकारची चूक होते. हा खर्च ‘सुरुवातीचा’ म्हणून तात्पुरत्या कारणांत ढकलला जातो. फोड पाहिली तर घसारा ४ कोटी, व्याज ३ कोटी आणि चाचणी उत्पादनात वाया गेलेला माल २ कोटी अशी आहे. यांतले केवळ शेवटचे २ कोटी पुढील वर्षी नसतील. घसारा आणि व्याज तर वर्षानुवर्षे राहणार आहेत. ते कमी होत नाहीत, त्यांच्यासमोर उत्पन्न उभे राहावे लागते. म्हणून इथे सांगण्याची गोष्ट खर्चाची नसून क्षमतावापराची आहे : कारखाना आज किती टक्के चालतो आणि स्वतःचा भार पेलायला त्याला किती टक्के चालावे लागेल. समजा तो ४५ टक्के चालतो आणि ६० टक्क्यांवर भार निघतो, तर हे दोन आकडे भाषणात असावेत, आणि वार्षिक अहवालात ते आधीच दिलेले असावेत. ते अहवालात नसतील तर सभेतील लोकांपुरते उघड करू नयेत. समभाग शेअर बाजारात नोंदलेले असतील तर भाव हलवू शकणारी माहिती सर्वांना एकाच वेळी मिळाली पाहिजे, हे तत्त्व जवळपास सर्व बाजारांत पाळावे लागते. भाषणाची प्रत बोलण्यापूर्वी किंवा बोलतानाच बाजाराकडे पाठवून संकेतस्थळावर ठेवली की हा प्रश्न बराचसा सुटतो. प्रश्नोत्तरांत तोंडून निसटलेल्या आकड्याला मात्र ते संरक्षण मिळत नाही, त्यामुळे चालू तिमाहीबद्दल काय बोलायचे नाही हे अध्यक्षांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगून ठेवावे.

या कारखान्याबाबत आणखी एक गोष्ट मी अध्यक्षांकडून आवर्जून वदवून घेतो. कारखान्याचा प्रस्ताव व्यवस्थापनाने आणला असला तरी मंजुरी संचालक मंडळाने दिली होती. अध्यक्ष रोजचा कारभार पाहत नाहीत, ते मंडळाचे प्रमुख असतात. म्हणून त्यांच्या भाषणात मंडळाने काय ठरवले, कशावर देखरेख केली आणि कुठे कमी पडले, हे यायला हवे. यंत्रे, बाजारपेठ आणि विक्रीचा तपशील व्यवस्थापकीय संचालकांनी त्यांच्या निवेदनात द्यावा. दोघेही तेच कारण सांगू लागले की सभा लांबते, आणि दोघांच्या शब्दांत किंचित जरी फरक पडला तरी भागधारक तो बरोबर पकडतात.

आता जमिनीचे ५ कोटी. घट कमी दाखवण्याचा सर्वांत मोठा मोह इथे असतो, म्हणून यावर थोडे अधिक थांबतो. गेल्या वर्षीचे ५ कोटी वगळले तर तुलना ७९ आणि ५७ यांची होते, घट २२ कोटींवर म्हणजे सुमारे २८ टक्क्यांवर येते. व्यवसायाची स्थिती समजण्यासाठी ही तुलना अधिक योग्यही आहे. प्रश्न असा की गेल्या वर्षीच्या भाषणात काय म्हटले होते? त्या वेळी ‘८४ कोटींचा विक्रमी नफा’ असे सांगून टाळ्या घेतल्या असतील आणि जमिनीचा उल्लेख टिपांमध्ये राहिला असेल, तर यंदा तीच रक्कम वगळून घट कमी दाखवणे लोकांना सोयीचे गणित वाटेल. म्हणून नवा मसुदा हाती घेण्यापूर्वी मी गेल्या दोन-तीन वर्षांची भाषणे समोर ठेवतो. एकदाच होणारी रक्कम नफ्यात भर घालणारी असो वा नफा खाणारी, तिला दरवर्षी एकाच पद्धतीने वागवायचे, हा नियम आहे. गेल्या वर्षी तो मोडला असेल तर यंदा वाक्यरचना अशी करावी : आधी ८४ वरून ५७ ही पूर्ण घट सांगावी, मग ‘गेल्या वर्षीच्या आकड्यात जमीन विक्रीचे ५ कोटी होते, हे आम्ही तेव्हाच अधिक स्पष्टपणे सांगायला हवे होते’ असे म्हणावे, आणि त्यानंतर ७९ ची तुलना द्यावी. क्रम महत्त्वाचा आहे. लेखापरीक्षित आकडा आधी आणि आपण दुरुस्त करून काढलेला आकडा नंतर, हा क्रम उलटला की संशय सुरू होतो.

याच कारणाने तुलनेचे माप मध्येच बदलू नये. दरवर्षी करोत्तर नफा सांगणाऱ्या कंपनीने घटीच्या वर्षी अचानक व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीच्या नफ्याबद्दल बोलायला सुरुवात केली, किंवा गेल्या वर्षाऐवजी पाच वर्षांपूर्वीशी तुलना केली, तर सराईत वाचकाला त्यातून बातमी मिळते. विशेषतः आपल्या उदाहरणात घसारा आणि व्याज हीच घटीची मोठी कारणे असताना ती वगळलेला आकडा पुढे करणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

तक्ता पूर्ण झाल्यावर त्यातून एक वाक्य निघते, आणि भाषणाचा कणा तेच असते. जमिनीची रक्कम बाजूला ठेवली आणि काटकसरीचे ३ कोटी मोजले नाहीत, तर चालू व्यवसायाला बसलेला भार २५ कोटींचा आहे : विलंबाचे ७, गोठवलेल्या दरांचे ३, ग्राहकाचे ६ आणि कारखान्याचे ९. यांतील १३ कोटी, म्हणजे घसारा-व्याजाचे ७ आणि गेलेल्या ऑर्डरचे ६, नवे उत्पन्न येईपर्यंत पुढील वर्षीही राहणार आहेत. गोठवलेले करार वर्षाच्या मध्यावर संपत असतील तर त्या ३ कोटींचा काही भाग राहील. चाचणीचे २ कोटी जातील. विलंबाचे ७ कोटी कागदाचे भाव स्थिरावले तरच पुन्हा लागणार नाहीत, मात्र यंदा गेलेले ७ कोटी परत येणार नाहीत. हा शेवटचा फरक भाषणात आवर्जून करावा, कारण ‘दरसुधारणा झाली की नुकसान भरून निघेल’ असे वाक्य मसुद्यांत सर्रास आढळते आणि ते बरोबर नसते.

पुढच्या वर्षाबद्दल किती बोलावे, याचे उत्तर याच फोडीत आहे. ‘नफा पूर्वपदावर येईल’ असे आश्वासन देऊ नये, कारण त्यातला मोठा भाग कागदाच्या भावावर अवलंबून आहे. त्याऐवजी मंडळ कशावर नजर ठेवणार आहे ते सांगावे. या कंपनीसाठी तीन मापे पुरतील : नव्या कारखान्याचा क्षमतावापर, विक्रीचा किती हिस्सा दरसुधारणेचे कलम असलेल्या करारांत आहे, आणि किती माल ठरलेल्या तारखेला पोहोचला. तिन्ही मापे घटीच्या कारणांना थेट भिडतात, म्हणून ती निवडली. ही तीन मापे सहामाही निकालासोबत प्रसिद्ध करू असे जाहीर करणे हे आश्वासन देण्यासारखे आहे, कारण ते पाळणे पूर्णपणे कंपनीच्या हातात आहे.

लाभांश आणि वेतन यांचा विषय अध्यक्षांनी स्वतःहून काढावा. करोत्तर नफा ६३ कोटींवरून ४३ कोटींवर आला आणि लाभांश प्रति समभाग ६ वरून ४ केला, असे धरू. समभाग ४ कोटी असतील तर वाटप २४ कोटींवरून १६ कोटींवर आले, म्हणजे दोन्ही वर्षी नफ्याचा साधारण ३७-३८ टक्के हिस्सा वाटला गेला. एवढे सांगितले की कपात मनमानी नाही हे कळते. लगेच पुढच्या वाक्यात वरिष्ठ व्यवस्थापनाच्या कामगिरीशी जोडलेल्या वेतनाचे काय झाले ते सांगावे. भागधारकांचा लाभांश एक तृतीयांशाने कापला आणि ते वेतन तसेच राहिले असेल, तर त्यामागचे कारण अध्यक्षांना स्वतःला पटलेले असले पाहिजे. ते पटलेले नसेल तर कोणतीही शब्दरचना त्यांना वाचवणार नाही, आणि तो प्रश्न भाषणाच्या मसुद्यात नव्हे, वेतन समितीत सोडवायला हवा होता.

भाषेबद्दल एकच सूचना करतो. मराठीत कर्त्याला वाक्यातून सहज गायब करता येते : ‘करार करण्यात आले’, ‘विस्तार हाती घेण्यात आला’, ‘अपेक्षित यश मिळू शकले नाही’. नफा वाढलेल्या वर्षी ‘आम्ही’ आणि घटलेल्या वर्षी ‘करण्यात आले’, असा बदल ऐकणाऱ्याला जाणवतो. मसुदा पूर्ण झाल्यावर अशा प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी आणि कर्ता परत आणावा : ‘मंडळाने मंजुरी दिली’, ‘व्यवस्थापनाने करार केले’. काही वाक्ये यानंतर अध्यक्षांना नकोशी होतील. त्यांच्याशी बसून चर्चा करण्याची ती योग्य जागा आहे.

घटीचा आकडा भाषणाच्या पहिल्या मिनिटात यावा. स्वागत, वर्षभरातील पुरस्कार आणि सामाजिक उपक्रम त्याच्या आधी ठेवले की लोक तो आकडा कधी येतो याची वाट पाहत बसतात आणि मधले काहीच ऐकत नाहीत. एकूण भाषण बारा-पंधरा मिनिटांचे असावे. शांतपणे वाचायचे तर मिनिटाला साधारण शंभर शब्द धरावेत. त्यात चार कारणे नीट मावतात, आठ मावत नाहीत. लहान कारणे व्यवस्थापकीय संचालकांच्या निवेदनात किंवा अहवालात जाऊ द्यावीत. काटकसरीचे ३ कोटी एका वाक्यात सांगावेत आणि पुढे जावे. ते खरे असले तरी २७ कोटींच्या घटीसमोर त्यांच्यावर परिच्छेद खर्च केला तर विषय टाळल्यासारखे दिसते.

शेवटची तपासणी दोन वेळा करावी. सभेपूर्वी मुख्य वित्त अधिकाऱ्यांनी भाषणातील प्रत्येक आकड्यासमोर लेखापरीक्षित विवरणातील पान आणि ओळ लिहून द्यावी, आणि व्यवस्थापनाच्या अंतर्गत हिशेबातून आलेले आकडे, जसे की करारांनुसार केलेली ७ आणि ३ कोटींची फोड, वेगळ्या खुणेने दाखवावेत. हे आकडे लेखापरीक्षकांनी प्रमाणित केलेले नसतात, म्हणून ते ‘व्यवस्थापनाच्या अंदाजानुसार’ असे म्हणूनच उच्चारावेत. सभेनंतर प्रश्नांची नोंद पुन्हा वाचावी. भागधारक कारखान्याचा वापर कधी वाढेल, करारांवरची मर्यादा किती आहे, गेलेला ग्राहक परत येईल का, असे विचारत असतील, तर घट कशी झाली हे त्यांना कळले आहे आणि ते पुढे गेले आहेत. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नापर्यंतही कोणी ‘पण नफा नेमका कशामुळे घटला?’ असेच विचारत असेल, तर कारणे सांगितली गेली पण रकमांशी जोडली गेली नाहीत असे समजावे. अशा वेळी अध्यक्षांनी भाषणातला परिच्छेद पुन्हा न वाचता तक्त्यातील चार रकमा क्रमाने सांगाव्यात. त्यासाठी तो एक पानी तक्ता भाषणाच्या कागदांच्या वर, हाताशी ठेवलेला असावा.